अकरा हात वर होऊनही ठराव पडतो, तो कसा?

26 फेब्रुवारी 2022 ची सकाळ. आमच्या सोलापूरच्या अशोक चौकातल्या बोळात एरवी सकाळी यंत्रमागाचा खटखटाट असतो, त्या दिवशीही होता, पण समोरच्या काकूंच्या घरात टीव्हीचा आवाज त्याच्याही वर होता. त्यांची मुलगी युक्रेनमध्ये खार्किवला एमबीबीएसला, दोन दिवसांपासून हॉस्टेलच्या तळघरात, फोन लागला तर लागला. मी चौकशीला गेलो तर काकू दारातच उभ्या. खाली टीव्हीवर पट्टी फिरत होती की सुरक्षा परिषदेतला रशियाविरुद्धचा ठराव नामंजूर. काकू मला म्हणाल्या, "सर, अकरा जणांनी हात वर केला म्हणतायत, विरोधात एकच, मग नामंजूर कसा वो? तुम्ही नागरिकशास्त्र शिकवता ना?"

शिकवतो. पाच कायम सदस्य, दहा तात्पुरते, पाचांना नकाराधिकार, एवढं दहावीच्या पोरांना वर्षानुवर्षं पाठ करून घेतलंय. पण काकूंना ते वाक्य म्हणून दाखवणं मला जमलं नाही, कारण त्यांना व्याख्या नको होती, त्यांना हे हवं होतं की एवढ्या मोठ्या टेबलाभोवती बसलेली माणसं एका हाताने अडतात कशी, आणि अडली तर पुढे काय. तेव्हापासून हा विषय मी सोडलेला नाही. जे कळलंय ते नीट लिहून काढतो.

आधी त्या खोलीत काय झालं ते बघू. न्यूयॉर्कची 25 तारखेची संध्याकाळ, म्हणजे आपल्याकडे 26 ची पहाट. परिषदेचं अध्यक्षपद दर महिन्याला इंग्रजी नावांच्या क्रमाने फिरतं आणि फेब्रुवारी 2022 मध्ये ते नेमकं रशियाकडे होतं. म्हणजे हल्ला करणाऱ्या देशाचे राजदूत व्हॅसिली नेबेंझिया हेच सभेचे अध्यक्ष, त्यांच्याविरुद्धचा ठराव मताला टाकणारेही तेच. दोन रात्री आधी तर याहून विचित्र प्रसंग झाला होता, युद्ध टाळा म्हणून परिषदेची तातडीची बैठक चालू होती, देशोदेशीचे राजदूत एकामागून एक बोलत होते, आणि ती बैठक चालू असतानाच पुतिन यांनी टीव्हीवर येऊन लष्करी कारवाई जाहीर केली. युक्रेनचे राजदूत सर्गी किस्लित्स्या तिथेच बसलेले होते. त्यांनी नेबेंझियांना अध्यक्षपद सोडा म्हणून सांगितलं. सोडलं नाही, आणि सोडायला लावणारा नियमही कुणाच्या हातात नव्हता.

तर 25 ला अमेरिका आणि अल्बानिया यांनी मांडलेला ठराव मताला आला. तिथे मतदान हात वर करून होतं, आपल्या ग्रामसभेसारखं. बाजूने कोण, अकरा हात. विरोधात कोण, एक हात, खुद्द अध्यक्षांचा. तटस्थ कोण, तीन हात, चीन, संयुक्त अरब अमिराती आणि भारत. ठराव पडला.

का पडला हे कळायला संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतलं 27 वं कलम बघावं लागतं. नकाराधिकार म्हणजेच व्हेटो, पण व्हेटो हा शब्द तिथे सापडत नाही, पूर्ण सनदेत तो कुठेच नाही. तिथे फक्त इतकंच म्हटलंय की कामकाजाच्या पद्धतीचे प्रश्न सोडले तर बाकी कुठल्याही निर्णयाला पंधरापैकी नऊ मतं लागतील, आणि त्या नऊमध्ये कायम सदस्यांची सहमती असली पाहिजे. कायम सदस्य म्हणजे अमेरिका, रशिया, चीन, ब्रिटन आणि फ्रान्स. सगळी ताकद त्या "सहमती" शब्दात आहे.

मी वर्गात हे असं सांगतो. समजा पेठेत पंधरा जणांनी मिळून एक गोडाऊन बांधलं, आत सगळ्या गल्लीच्या राखणीसाठी काठ्या, टॉर्च, शिट्ट्या ठेवल्या, आणि दाराला पाच कुलपं घातली. पाच किल्ल्या पाच मोठ्या घरांकडे. बाकीचे दहा जण दर दोन वर्षांनी बदलतात, त्यांच्याकडे मत आहे पण किल्ली नाही. दार उघडायचं तर नऊ जणांनी हो म्हणायचं आणि पाचही कुलपं उघडायची. एखादा किल्लीवाला म्हणाला की माझं या भानगडीत काही म्हणणं नाही, पण ही घ्या किल्ली, तर दार उघडतं, ते झालं तटस्थ राहणं. कलमाचे शब्द कडक वाचले तर तटस्थ म्हणजे सहमती नाही असंही कुणी म्हणेल, पण सुरुवातीपासून प्रथा अशी पडली की कायम सदस्य तटस्थ राहिला तरी ठराव अडत नाही, आणि 1971 मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयानेही ती प्रथा मान्य केली. किल्ली खिशातच ठेवली की मात्र दार बंद. मग बाहेर चौदा जण ओरडत उभे असले तरी फरक पडत नाही.

आता गल्लीत चोरी झाली आणि चोरी करणारा किल्लीवाल्यांपैकीच एक निघाला, तर? 25 फेब्रुवारीला नेमकं हे झालं.

पोरं इथे हमखास विचारतात की सर, स्वतःच्या भांडणात स्वतःच मत देता येतं का. प्रश्न एकदम बरोबर आहे आणि सनद लिहिणाऱ्यांनाही तो पडला होता. 27 व्या कलमातच पुढे लिहिलंय की वादातला पक्ष असलेल्या देशाने मतदानात तटस्थ राहावं. पण ती अट मुख्यतः सहाव्या प्रकरणाखालच्या निर्णयांना आहे, म्हणजे वाटाघाटी करा, मध्यस्थ नेमा, कोर्टात जा, असल्या समजुतीच्या निर्णयांना. सातव्या प्रकरणाला, जिथे परिषद अमक्याने आक्रमण केलंय असं ठरवते आणि मग निर्बंध घालते किंवा सैन्य वापरायची परवानगी देते, तिथे ही अट नाही. म्हणजे बोलाचालीचं काम असेल तर आरोपीने गप्प बसायचं, आणि दंडुका उचलायची वेळ आली की आरोपीच्याच हातात कुलूप. माझ्या मते पूर्ण सनदेतली सगळ्यात महत्त्वाची जागा ही आहे. पाठ्यपुस्तकात हिच्याबद्दल ओळही नसते.

हे चुकून राहिलेलं नाही. फेब्रुवारी 1945 ला याल्टाला रुझवेल्ट, चर्चिल आणि स्टालिन बसले तेव्हा मतदानाचं हे सूत्र पक्कं झालं. मग त्याच वर्षी एप्रिल ते जून सॅन फ्रान्सिस्कोला 50 देश सनद लिहायला जमले, भारतही होता, स्वातंत्र्याआधीच, रामस्वामी मुदलियार आपल्या शिष्टमंडळाचे प्रमुख. छोट्या देशांनी, खासकरून ऑस्ट्रेलियाने, या नकाराधिकारावर खूप भांडण केलं. तेव्हा अमेरिकेचे सिनेटर टॉम कोनाली यांनी मसुद्याचा कागद हातात घेऊन सगळ्यांसमोर टराटरा फाडला. म्हणणं असं की नकाराधिकार काढायचा असेल तर काढा, पण मग घरी जाऊन सांगा की आम्ही सनदच फाडून आलो. छोट्या देशांसमोर पर्याय दोनच होते, नकाराधिकारासकट संघटना किंवा संघटनाच नको. त्यांनी पहिला घेतला.

आता मोठ्यांची बाजूही ऐकून घ्यायला पाहिजे, कारण ती पोकळ नाही. आमच्या वडिलांचा माग होता तेव्हा शेडमध्ये मोटरीला फ्यूज असायचा, लोड जास्त आला की तार वितळायची आणि सगळं बंद. काम अडायचं, माल लेट व्हायचा, वडील वैतागायचे, पण फ्यूजच्या जागी जाड तार कधी लावू दिली नाही त्यांनी, कारण मग वायरिंग जळून शेडच पेटेल. याल्टाचा हिशोब तोच होता. परिषदेने बहुमताने ठरवलं की रशियाविरुद्ध किंवा अमेरिकेविरुद्ध सैन्य पाठवा, तर ती काही पोलीस कारवाई राहणार नाही, ते थेट महायुद्ध होईल. त्यापेक्षा असा ठराव होऊच नये. म्हणजे ही यंत्रणा मधल्या आणि छोट्या देशांच्या आक्रमणासाठी बनवली, पाच मोठ्यांपैकी कुणी आक्रमण केलं तर ती चालणार नाही हे बनवणाऱ्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. 1990 मध्ये इराकने कुवेत घेतलं तेव्हा ती चालली पण. 2 ऑगस्टला हल्ला, त्याच दिवशी निषेधाचा ठराव, 6 ऑगस्टला निर्बंध, आणि 29 नोव्हेंबरला सैन्य वापरायची परवानगी, त्यातही चीन तटस्थ राहिला पण किल्ली दिली. सनदेत लिहिलंय तसं जवळजवळ पायरी पायरीने झालं, कारण पाचांपैकी कुणालाच सद्दाम हुसेनसाठी कुलूप लावून धरायचं नव्हतं.

फ्यूजच्या तुलनेत एक गोष्ट मात्र बसत नाही आणि ती मला सारखी टोचते. शेडमधला फ्यूज सगळ्यांसाठी सारखा वितळतो. हा फ्यूज पाचांच्याच हातात, आणि ते तो स्वतःसाठीच नाही तर मित्रांसाठीही वापरतात. 18 ऑक्टोबर 2023 ला गाझामध्ये मदत पोचावी म्हणून लढाई थोडी थांबवा असा ब्राझीलचा ठराव आला, बाजूने 12, विरोधात एकटी अमेरिका, पडला. तिथे कुणी अमेरिकेवर सैन्य पाठवत नव्हतं, महायुद्धाची भीती नव्हती. म्हणजे याल्टाचं कारण लागू नसतानाही कुलूप लागतंच.

परत त्या 25 फेब्रुवारीच्या ठरावाकडे येतो, कारण नकाराधिकाराचा निम्मा परिणाम हात वर व्हायच्या आधीच होऊन गेलेला असतो आणि तो टीव्हीवर दिसत नाही. आधीच्या मसुद्यात रशियाच्या आक्रमणाचा "निषेध" होता, आणि सातव्या प्रकरणाचा उल्लेख होता. मतदानाच्या आधी वाटाघाटी झाल्या, कशासाठी, तर चीनने विरोधात जाऊ नये, तटस्थ राहावं, म्हणजे रशिया एकटा दिसेल. त्यासाठी "निषेध" काढून "तीव्र खेद" पातळीचा शब्द आला, आणि सातव्या प्रकरणाचा उल्लेख गेला. म्हणजे बघा, ठराव पास होणार नाही हे मांडणाऱ्यांना आधीच माहीत होतं, तरी तो पातळ केला, आणि पातळ करूनही तो पडला. ज्यात दात होते तो कागद मतदानापर्यंत आलाच नाही. असे किती मसुदे टेबलावर यायच्या आधीच ड्रॉवरमध्ये राहतात त्याची नोंद कुठेच होत नाही, कारण न मांडलेल्या ठरावाला व्हेटो लागत नाही. म्हणून नुसते व्हेटो मोजून कुणी म्हणत असेल की यंदा कमी वापरला, परिस्थिती सुधारली, तर त्यावर लगेच विश्वास ठेवू नये.

एक बारकावा अजून. सहाव्या प्रकरणाची ती तटस्थ राहायची अट सांगितली ना, सातवं प्रकरण काढल्यावर ती रशियाला लावता आली असती असा मुद्दा निघाला होता, नॉर्वेने तसं बोलूनही दाखवलं. पण अध्यक्षांच्या खुर्चीत कोण, आणि लावणार कोण? ती अट कित्येक दशकं कुणी पाळलेली नाही, अमेरिका ब्रिटन फ्रान्स यांनाही ती जिवंत झालेली नको आहे, कारण उद्या ती त्यांनाही लागेल. या एका गोष्टीवर पाचही जण एकमेकांचे सख्खे भाऊ आहेत.

मग रस्ता पूर्ण बंद का? नाही, एक मागचं दार आहे, आणि त्याची गोष्ट कोरियापासून सुरू होते. जून 1950 मध्ये उत्तर कोरियाने दक्षिणेवर हल्ला केला तेव्हा सोव्हिएत युनियन परिषदेत बसतच नव्हता. चीनची जागा तैवानच्या सरकारकडे का, म्हणून जानेवारीपासून बहिष्कार. किल्लीवाला गल्लीतच नाही, त्यामुळे ठराव धडाधड पास झाले आणि संयुक्त राष्ट्रांच्या झेंड्याखाली सैन्य गेलं. ऑगस्टमध्ये सोव्हिएत राजदूत परत येऊन बसला आणि दार बंद. परत असं अडलो तर काय करायचं म्हणून 3 नोव्हेंबर 1950 ला आमसभेने, म्हणजे सगळे सदस्य देश जिथे बसतात त्या सभेने, 377 क्रमांकाचा ठराव केला, नाव "शांततेसाठी एकजूट". कायम सदस्यांत एकमत नाही म्हणून परिषद काम करू शकली नाही, तर आमसभेने 24 तासांच्या नोटिशीवर आणीबाणीचं खास अधिवेशन घ्यावं. आणि तसं अधिवेशन बोलवायचा परिषदेचा निर्णय हा कामकाजाचा प्रश्न धरला जातो, त्याला नऊ मतं पुरतात, किल्ली लागत नाही.

27 फेब्रुवारी 2022 ला, रविवारी, परिषदेने हेच केलं. मतांचा आकडा परत तोच, अकरा बाजूने, एक विरोधात, तीन तटस्थ. माणसं तीच, टेबल तेच, हातही तेवढेच, पण या वेळी ठराव पास, कारण प्रश्न वेगळ्या खान्यातला. 1982 नंतर पहिल्यांदाच परिषदेने असं अधिवेशन बोलावलं. 2 मार्चला आमसभेत 141 देश रशियाने सैन्य मागे घ्यावं या बाजूने, 5 विरोधात, 35 तटस्थ, भारत तटस्थ.

इथे काकूंचा दुसरा प्रश्न आला, 3 मार्चला. मुलीने खार्किव पायी सोडलं होतं, आदल्याच्या आदल्या दिवशी तिथे कर्नाटकातला एक विद्यार्थी मारला गेला होता, सगळ्या बोळाचा जीव टांगणीला. काकू म्हणाल्या, "आता तर 141 झाले, आता तर थांबेल की?"

मी खरं तेच सांगितलं. थांबणार नाही, कारण आमसभेचा ठराव ही शिफारस असते. परिषदेचा निर्णय 25 व्या कलमाने सगळ्या देशांवर बंधनकारक असतो, परिषद म्हणाली की अमक्याची बँक खाती गोठवा तर प्रत्येक देशाला गोठवावीच लागतात. आमसभा म्हणाली तर ज्याला वाटेल तो गोठवेल. त्यामुळेच रशियावरचे निर्बंध अमेरिका, युरोप, जपान असे गटागटाने आपापले लागले, आणि बाकीच्या देशांनी, आपणही, रशियाचं तेल घेणं चालू ठेवलं. त्यात कुठला नियम मोडला गेला नाही, कारण सगळ्यांना बांधणारा नियम झालाच नव्हता.

या मागच्या दाराचा उपयोग कधी होतो आणि कधी नाही हे बघायचं तर 1956 सालचा एकच आठवडा पुरतो. ऑक्टोबरच्या शेवटी इजिप्तवर इस्राएलने हल्ला केला, सुएझ कालव्यासाठी ब्रिटन आणि फ्रान्स त्यात उतरले. परिषदेत ठराव आला, 30 ऑक्टोबरला ब्रिटन फ्रान्सने व्हेटो केला. दुसऱ्या दिवशी युगोस्लाव्हियाच्या ठरावाने विषय आमसभेत गेला, आमसभेने युद्धबंदी मागितली, आणि खरंच 6 नोव्हेंबरच्या मध्यरात्री गोळीबार थांबला, संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना उभी राहिली, भारताचे जवान त्यात गेले, डिसेंबरात ब्रिटिश फ्रेंच सैन्य परत गेलं. आता त्याच आठवड्यात, 4 नोव्हेंबरला, सोव्हिएत रणगाडे हंगेरीत बुडापेस्टमध्ये घुसले. परिषदेत ठराव, सोव्हिएत व्हेटो, त्याच दिवशी आमसभेचं अधिवेशन, त्याच दिवशी सैन्य मागे घ्या म्हणून ठराव, बाजूने 50, विरोधात 8, तटस्थ 15, त्यातही भारत तटस्थ. आणि रणगाडे तिथेच राहिले, हंगेरीचे पंतप्रधान इम्रे नॉज यांना 1958 मध्ये फाशी झाली.

प्रक्रिया तीच, सभागृह तेच, आठवडा तोच. फरक कागदाबाहेर होता. सुएझच्या वेळी अमेरिका स्वतःच्या मित्रांवर चिडलेली होती, पौंड घसरत होता आणि ब्रिटनला आधाराचं कर्ज मिळवायला अमेरिकेचा होकार लागत होता, तो अमेरिकेने युद्धबंदीशिवाय दिला नाही. हंगेरीत सोव्हिएत युनियनची अशी कुठली नस कुणाच्या हातात नव्हती. आमसभा सांगू शकते की बहुसंख्य जगाला काय वाटतं, पण मागे हटायला लावणारा कुणीतरी तगडा बाहेर असावा लागतो. तो आहे की नाही हे बघितलं की 141 मतांचं पुढे काय होणार ते बऱ्यापैकी कळतं.

आता एक अशी गोष्ट जी आपल्याला, महाराष्ट्रातल्या लोकांना, सांगायलाच पाहिजे, नाहीतर हा लेख अर्धा खोटा होईल. 18 डिसेंबर 1961 ला, आपलं सैन्य गोव्यात शिरलेलं असताना, परिषदेत अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तानचा ठराव आला की युद्ध थांबवा आणि भारताने सैन्य मागे घ्यावं. बाजूने 7 मतं पडली. परिषद तेव्हा 11 जणांची होती आणि 7 मतं पास व्हायला पुरेशी होती. तो पडला तो फक्त सोव्हिएत व्हेटोने. दुसऱ्या दिवशी पोर्तुगीज शरण आले. तसंच 1971 च्या डिसेंबरात, बांगलादेशच्या युद्धात, सोव्हिएत युनियनने तीनदा व्हेटो केला. मधल्या काळात विषय आमसभेत गेला, 104 देश युद्धबंदी आणि सैन्य माघारीच्या बाजूने, 11 विरोधात, आणि तेव्हा आपण त्या शिफारशीवर थांबलो नाही. 16 तारखेला ढाका मोकळं झालं.

मी गोवा मुक्तीच्या बाजूचाच आहे, साडेचारशे वर्षांची वसाहत होती ती, आणि ढाक्यात जे चाललं होतं ते थांबणं गरजेचंच होतं. पण म्हणूनच नीट बघावं लागतं की व्हेटोने तिथे खरंखोटं तपासलं नाही. सोव्हिएत युनियनला भारत जवळचा वाटत होता एवढंच. त्याच किल्लीने पाच वर्षांपूर्वी हंगेरीची माणसं चिरडली गेली होती. कुलपाला न्याय कळत नाही, ते ज्याच्या खिशात आहे त्याचं हित कळतं, आणि 1961 मध्ये ते हित आपल्या बाजूला पडलं.

मग हा नियम बदलत का नाहीत? 108 वं कलम. सनद बदलायची तर दोन तृतीयांश देशांची मंजुरी आणि त्यात पाचही कायम सदस्य पाहिजेतच. म्हणजे व्हेटो काढायच्या प्रस्तावालाही व्हेटो. रशियाला संघटनेतूनच काढा असं 2022 मध्ये बरेच जण म्हणत होते, पण सहाव्या कलमाप्रमाणे हकालपट्टी परिषदेच्या शिफारशीवरून होते, तिथे परत तीच किल्ली. कोर्टात जावं तर 16 मार्च 2022 ला आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 13 विरुद्ध 2 अशा मतांनी रशियाला कारवाई थांबवायचा आदेश दिला, भारताचे न्यायाधीश दलवीर भंडारी त्या 13 मध्ये होते. आणि न्यायालयाचा निकाल पाळला नाही तर तक्रार कुठे करायची, तर सनदेच्या 94 व्या कलमात उत्तर आहे, सुरक्षा परिषदेकडे. बोळ कुठूनही धरा, येऊन त्याच दारापाशी निघतो.

थोडं काही झालंय ते एवढंच की एप्रिल 2022 मध्ये लिख्टेनश्टाइन या चिमुकल्या देशाच्या पुढाकाराने आमसभेने ठरवलं, कुणीही व्हेटो वापरला की दहा कामकाजाच्या दिवसांत आमसभा बसेल आणि त्यावर चर्चा होईल. वापरणाऱ्याला तिथे पहिल्यांदा बोलायची संधी, म्हणजे कारण सगळ्या जगासमोर सांगायचं. व्हेटो त्याने जात नाही. पण पूर्वी हात खाली केला की विषय संपायचा, आता त्याला उभं राहून का ते सांगायला बोलावतात.

काकूंची मुलगी मार्चमध्येच आली, पोलंडमार्गे, सरकारने पाठवलेल्या विमानाने दिल्ली आणि तिथून सोलापूर. स्टेशनवर अर्धा बोळ गेला होता. आता ती इथेच आहे, आणि 25 फेब्रुवारी 2025 ला, युद्धाला तीन वर्षं पूर्ण झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी, तिनेच मला फोनवर बातमी दाखवली. सुरक्षा परिषदेचा ठराव पास झाला होता, क्रमांक 2774. बाजूने 10, विरोधात कुणी नाही, तटस्थ 5, सगळे युरोपचे. त्या पाचांत ब्रिटन आणि फ्रान्सही होते, त्यांनी किल्ली दिली पण मत दिलं नाही. ठराव अमेरिकेचा, रशिया आणि चीनही बाजूने. लवकर युद्ध संपावं, टिकाऊ शांतता यावी, एवढाच छोटा मजकूर. युरोपच्या देशांनी त्यात दुरुस्त्या सुचवल्या होत्या, त्यातल्या काहींना रशियाने व्हेटो केला.

तिने तो मजकूर दोनदा वाचला, मग स्क्रीन वरखाली केली आणि विचारलं, "सर, हल्ला कुणी केला ते कुठंय यात?"

ते त्यात नाहीये.